गुरुवारचा रविवार

लग्न जमवताना पत्रिका बघतात. छत्तीस गुण मोजतात, नाडी बघतात, मंगळ कुठल्या घरात बसलाय याची चौकशी करतात. शिफ्ट मात्र कुणी बघत नाही. आमच्या वेळी गुरुजींनी माझा मनुष्यगण आणि हिचा देवगण सांगितला, आणि दोन्हीकडची मंडळी खूश झाली. खरं तर मी भोसरीच्या एमआयडीसीत तीन पाळ्यांत मशीन चालवणारा आणि ही एका मोठ्या रुग्णालयात स्टाफ नर्स. जुन्या पोथ्यांत रात्री जागणाऱ्यांना निशाचर म्हटलंय, म्हणजे दोघांचा राक्षसगण. एवढं गुरुजींना कळलं असतं तर त्यांनी पंचांगाबरोबर दोघांच्या ड्युटी लिस्टही मागवल्या असत्या.

माझी फर्स्ट शिफ्ट सकाळी साडेसहा ते दुपारी तीन, सेकंड तीन ते रात्री साडेअकरा, आणि थर्ड, म्हणजे नाईट, साडेअकरा ते सकाळी साडेसहा. दर आठवड्याला पाळी बदलते. हिची मॉर्निंग आठ ते दोन, ईव्हिनिंग दोन ते आठ, आणि नाईट रात्री आठ ते सकाळी आठ. माझा आठवडा शुक्रवारी सुरू होतो, कारण आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. हिची पाळी सोमवारी बदलते. त्यामुळे आमचं कधी जुळलंच, तर ते आठवड्याच्या मध्येच मोडतं.

लोकांना वाटतं, बिचारे रात्रपाळी करतात, यांचा संसार कसा होत असेल! शेजारच्या काकूंना तर मी सकाळी अकरा वाजता लुंगीवर गॅलरीत दिसलो की खात्रीच पटते. ‘आज सुट्टी का?’ असं त्या दर वेळी इतक्या काळजीने विचारतात, की माझी नोकरी गेली असेल तर निदान त्यांना तरी आधी सांगावं असं मला वाटू लागतं. पण संसाराची वाट रात्रपाळी लावत नाही. हिची आणि माझी नाईट एकाच आठवड्यात आली तर आम्ही सकाळी पाठोपाठ घरी येतो, एकाच वेळी झोपतो, दुपारी एकाच वेळी उठतो. इतर जोडप्यांपेक्षा आमचं घड्याळ उलटं असतं, पण दोघांचं सारखंच उलटं असतं. सासूबाई-सूनबाई म्हणून आई आणि ही एरवी एकमेकींना जपून असतात, त्या आठवड्यात मात्र आमच्या मुलीला सांभाळण्याच्या कामी आईला मोठ्या सन्मानाने लावलं जातं, एवढाच काय तो फरक.

वाट लागते ती माझी सेकंड आणि हिची मॉर्निंग एकत्र आली की. हिशेब बघा. ही पहाटे साडेपाचला उठून सात-वीसला घराबाहेर पडते. मी रात्री सव्वाबाराला येऊन झोपलेलो असतो, आठला उठतो. मी दुपारी दोन-दहाला बससाठी निघतो. ही पावणेतीनला घरी पोहोचते. रात्री मी येतो तेव्हा ही झोपलेली असते, कारण साडेपाचला उठायचंय. म्हणजे अशा दिवसांत आम्ही एकाच पलंगावर झोपतो, एकाच टूथपेस्टची ट्यूब दाबतो, आणि एकमेकांना जागेपणी बघत नाही. दिवसाउजेडीची रात्र, मध्यरात्रीचा चहा, असलं काहीही यात नाही. दोघंही वेळेवर झोपतो, वेळेवर जेवतो. फक्त पस्तीस मिनिटांनी चुकतो.

या पस्तीस मिनिटांवरचा उपाय स्कूटरने केला. कंपनीची बस आमच्या नाक्यावरून निघाली की भोसरीला जाण्याआधी हिच्या रुग्णालयासमोरच्या चौकातून अडीचला जाते. तर मी नाक्यावर बस धरायचीच नाही. स्कूटर घेऊन त्या चौकात सव्वादोनला पोहोचायचं. दोन वाजता ईव्हिनिंगची सिस्टर आली, तिला ओव्हर दिला, की ही चालत चौकात येते. टपरीवर दोन कटिंग. ही वडापाव खाते, कारण सकाळचा डबा राउंडच्या गडबडीत तसाच राहिलेला असतो. मग मी स्कूटरची चावी हिच्या हातात देतो आणि बसमध्ये चढतो, ही स्कूटर घेऊन घरी जाते. सकाळी ही पीएमपीच्या बसने जाते, रात्री मला कंपनीची बस दारात सोडते. एक स्कूटर, दोन शिफ्ट, आणि मधली पंधरा मिनिटं आमची.

ही पंधरा मिनिटं ईव्हिनिंगच्या सिस्टरच्या हातात असतात. तिची लोकल बस चुकली, पोराला ताप आला, की ओव्हर लांबतो आणि वॉर्ड सोडता येत नाही. अशा वेळी मी चावी टपरीवाल्याकडे ठेवून बसमध्ये चढतो. त्यामुळे टपरीवाला हळूहळू आमच्या संसारात शिरला. ‘भाऊंनी सांगितलंय, गॅसचा नंबर लावा,’ असे निरोप तो हिला देतो. कधी कधी माझ्या निरोपात स्वतःचीही भर घालतो. ‘भाऊ आज जरा गप्प होते, वहिनी,’ हे त्याचं निरीक्षण ऐकून हिने मला रात्री सव्वाबाराला उठून ‘काय झालं?’ असं विचारलं होतं. झालं काहीच नव्हतं. माझी दाढ दुखत होती.

मध्यंतरी हप्त्यावर दुसरी गाडी घ्यावी असा विचार आला. शोरूमला जाऊन कोटेशन आणलं. ही कागद उलटसुलट करून म्हणाली, ‘अहो, दोन गाड्या झाल्या तर चौकात भेटायचं कारण काय उरणार?’ आमच्या लग्नात याहून रोमँटिक वाक्य कुणी बोललेलं मला आठवत नाही, आणि त्यात हप्त्याचेही पैसे वाचले.

आता ओव्हर म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात नर्स नाही त्यांना सांगायला हवं. एक सिस्टर घरी जाताना दुसरीला प्रत्येक बेडची हकीकत सांगते. काय दिलं, काय द्यायचं राहिलंय, काय बघत राहायचं. बोलून सांगतात आणि वहीतही लिहितात, कारण त्या जगात एक कडक नियम आहे: जे लिहिलं नाही, ते केलंच नाही. हिने हा नियम घरात आणला. फ्रीजवर एक दोनशे पानी वही टांगलेली असते. बाकीची जोडपी चिठ्ठ्या लिहीत असतील. आमच्याकडे ओव्हर चालतो. त्यातलं हिच्या अक्षरातलं एक पान:

‘बेड १, आई. बीपीची गोळी सकाळी दिली. गुडघ्याला तेल लावायचं राहिलंय, तुम्ही लावा. बेड २, मुलगी. गणिताच्या वहीवर सही हवी. कारण न सांगता रुसली आहे, लक्ष ठेवा. भेंडी नाकारली. बेड ३, तुम्ही. डोळे लाल, ओटी केलेली दिसते. दहीभात फ्रीजमध्ये. खाल्ला नाही तर लेखी कारण द्यावं.’

मी त्याखाली लिहिलं: ‘बेड १ ला तेल लावलं. बेड २ ला बर्फाचा गोळा दिल्यावर रुसवा उतरला. बेड ३ ने दहीभात खाल्ला. आठवण आली, वेळ दुपारी बारा-चाळीस.’ संध्याकाळी हिने त्यावर लाल पेनने बरोबरची खूण केली आणि बाजूला लिहिलं, ‘बर्फाचा गोळा कुणाला विचारून?’

वहीचा एक फायदा मात्र मला आधी कळला नव्हता. भांडायला दोन माणसं एकाच वेळी जागी लागतात. आमच्याकडे ती सोय नाही. त्यामुळे भांडण वहीत ‘पेंडिंग’ म्हणून नोंदवलं जातं आणि पुढच्या सामाईक वेळी काढलं जातं. सोमवारी माझ्या चुलत भावाला उसने दिलेल्या पैशांवरून पेटलेलं प्रकरण गुरुवारी हाती घेतलं, तर तोवर त्यातला जाळ गेलेला असतो आणि रक्कम तेवढी राहते. मग रकमेबद्दल बोलता येतं. काही भांडणं तर पेंडिंगमध्येच बाद होतात. ‘टॉवेल,’ एवढंच लिहिलेली एक नोंद आमच्या वहीत आहे. त्या टॉवेलने काय केलं होतं, कुणी केलं होतं, हे आज दोघांनाही सांगता येणार नाही.

भांडणाच्या वेळेबाबत हिचे आणखी दोन नियम आहेत, आणि ते दोन्ही नर्सच्या अभ्यासातून आलेत. पहिला, झोपेतून उठलेल्या माणसाशी चहा संपेपर्यंत काहीही महत्त्वाचं बोलायचं नाही. माणूस डोळे उघडतो तेव्हा त्याचा मेंदू पूर्ण उघडलेला नसतो. पुढची पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तासही, तो अर्धवट झोपेतच असतो. अवेळी, गाढ झोपेतून उठवलेल्याचं तर विचारूच नका. या काळात चिडचिड होते, ऐकलेलं उलटं लागतं आणि दिलेलं उत्तर स्वतःलाच आठवत नाही. हा शोध लागण्याआधी, नाईट करून दुपारी दोनला उठलेल्या मला हिने दाराशीच ‘पावसाळ्याआधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं ना?’ असं विचारलं होतं, आणि मी ‘तुझ्या माहेरच्यांना विचार’ असं म्हणालो होतो म्हणे. मला काही आठवत नाही. तिला सगळं आठवतं.

दुसरा नियम पहाटेच्या मेसेजचा. तीन ते पाचच्या दरम्यान शरीराचं तापमान सर्वांत खाली उतरलेलं असतं, आतलं घड्याळ झोप झोप म्हणून ओरडत असतं, आणि माणूस मशीनसमोर उभा असतो. याच वेळी हात चुकतात, जॉब रिजेक्ट होतात, आणि याच वेळी मनात नाही नाही ते येतं. साडेतीनच्या टी ब्रेकमध्ये मी एकदा लॉकरमधून फोन काढून हिला विचारलं होतं, ‘आपण फक्त जबाबदारी म्हणून एकत्र आहोत का?’ ही तेव्हा नाईटलाच होती. तिचं उत्तर आलं, ‘बेड सहाला उलटी. नंतर.’ सकाळी भेटल्यावर मीच विषय काढला नाही. तेव्हापासून पहाटेचं काहीही लिहून ठेवायचं आणि उजेडात वाचून मगच पाठवायचं, असं ठरलं. पहाटे चारचे असे बरेच मेसेज माझ्या फोनमध्ये पडून आहेत. सकाळी आठ वाजता ते वाचले की लिहिणाऱ्याला घरी सोडून यावंसं वाटतं.

दिवसाची झोप ही नाईटवाल्याच्या संसारातली खरी इस्टेट. ती मोडली की माणूस संध्याकाळी घरात असून नसल्यासारखाच. दिवसा झोपलेला माणूस रात्रीपेक्षा तास-दोन तास कमीच झोपतो, कारण बाहेर ऊन असतं आणि डोळ्यांत उजेड गेला की शरीर म्हणतं, उठा. म्हणून नाईट सुटली की आमची अख्खी पाळी सकाळी साडेसहाला गेटमधून काळे गॉगल लावून बाहेर पडते. ऑइलने माखलेल्या युनिफॉर्मवर गॉगल, हे दृश्य बघून गेटवरच्या नव्या सिक्युरिटीवाल्याने आमच्याकडे दोनदा आयकार्ड मागितलं होतं. बसमध्ये सावलीची खिडकी पकडायची. पहाटे तीननंतर चहा नाही, कारण चहा पोटात गेल्यावर पाच-सहा तासांनीही त्यातलं निम्मं कॅफिन अंगात शिल्लक असतं, आणि ते नेमकं पलंगावर पडल्यावर हजर होतं.

बाकीचा बंदोबस्त घरचे करतात. दाराच्या बेलला मी आतून एक बटण बसवून घेतलंय. पडद्यावर सोलापुरी चादर टाकली की खोलीत दुपारचे बारा कळत नाहीत. आई कुकर सकाळी सातच्या आत उरकते. कचऱ्याच्या गाडीचं गाणं आणि भंगारवाल्याची आरोळी यांवर इलाज नाही. ती आता झोपेत ऐकू येत नाहीत, उलट एखाद्या दिवशी आली नाहीत तर जाग येते. मुलगी मात्र कमालीची तयार झाली आहे. मैत्रिणी खेळायला आल्या की ती दारातच ओठांवर बोट ठेवून ‘बाबा नाईट’ असं सांगते. शाळेत ‘माझे बाबा’ या निबंधात तिने पहिलंच वाक्य लिहिलं होतं, ‘माझे बाबा खूप छान झोपतात.’ बाईंनी खाली छान शेरा दिला आणि पालकसभेला मला जरा निरखून पाहिलं.

पण हे सगळं जोड-तोड. खरा उपाय शिफ्ट जुळवणं हाच. आमच्या अनुभवात सर्वांत सुखाची जोडी माझी सेकंड आणि हिची ईव्हिनिंग. ऐकणाऱ्याला हे पटत नाही. दोघंही संध्याकाळभर बाहेर, काय सुख? अहो, पण सकाळ! मुलगी शाळेत, आई मठात, आणि आम्ही आठपासून एक वाजेपर्यंत दोघंच घरात. सकाळचा शो बघायला जावं तर तिकीट स्वस्त आणि थिएटरात आम्ही, चार कॉलेजची पोरं आणि एक झोपलेले आजोबा. भाजी मंडईत निवांत मिळते, बँकेत रांग नसते. आणि दीड खोलीच्या घरात नवरा-बायकोला जो एकांत रात्री मिळत नाही, तो सकाळी साडेनऊला मिळतो. फक्त बेलचं बटण बंद करायचं लक्षात ठेवावं लागतं. काकू साखर मागायला येतात.

ही जोडी आपोआप येत नाही, ती जमवावी लागते. महिन्याची ड्युटी लिस्ट लागली की ही तिचा फोटो पाठवते. मी माझा रोटेशनचा तक्ता काढतो. कुठे फर्स्ट-नाईट, कुठे सेकंड-मॉर्निंग, हे पेन्सिलने बघून मग बदल्या सुरू होतात. माझ्या मशीनवरचाच माणूस बदलीला तयार व्हावा लागतो, सुपरवायझरची सही लागते, आणि लागोपाठ दोन पाळ्या अंगावर येणार नाहीत हे बघावं लागतं. पैसे द्यावे लागत नाहीत, पण फुकटही नसतं. ‘एक नाईट उधार’ असं बोलणं होतं, आणि ही उधारी वाण्याच्या उधारीपेक्षा पक्की असते. आमच्यात एका नव्या लग्नाच्या पोराने सगळ्यांकडून इतक्या नाईट उधार घेतल्या, की गणपतीत लोक एकदम वसुलीला आले. त्याची बायको म्हणे दहाही दिवस आरतीला एकटीच उभी होती. गावाकडची सासू फोनवर विचारत होती, ‘भांडला का गं?’

गुरुवारची गोष्ट तर वेगळीच. सगळ्या कारखान्यांची सुट्टी एकाच वारी आली तर विजेचा भार एका दिवशी एकदम घटतो आणि बाकीचे दिवस ओढाताण होते, म्हणून वेगवेगळ्या औद्योगिक पट्ट्यांना वेगवेगळे वार वाटले गेले. भोसरी, पिंपरी, चाकण यांच्या वाट्याला गुरुवार आला. जगाचा रविवार, आमचा गुरुवार. पण हा गुरुवार दर वेळी सारखा लांब नसतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमात ५७ वं कलम होतं. ते म्हणायचं, ज्याची पाळी मध्यरात्रीच्या पुढे जाते, त्याची सुट्टी म्हणजे पाळी संपल्यापासूनचे सलग २४ तास. आणि मध्यरात्रीनंतर त्याने जे तास काम केलं, ते आदल्या दिवसात धरायचे. म्हणजे बुधवारी रात्री साडेअकराला नाईटला गेलेल्या माणसाचा बुधवार गुरुवारी सकाळी साडेसहाला संपतो. तिथून त्याची सुट्टी सुरू, आणि तो लगेच झोपतो.

आमच्याकडे पूर्वी पाळी फर्स्ट, सेकंड, थर्ड अशी सुलटी फिरायची. तिचा हिशेब मी एकदा मांडला. फर्स्टमधून सेकंडला जाताना बुधवारी दुपारी तीन ते शुक्रवारी दुपारी तीन, म्हणजे ४८ तास मोकळे. सेकंडमधून नाईटला जाताना पुन्हा ४८. पण नाईटमधून फर्स्टला येताना गुरुवारी साडेसहा ते शुक्रवारी साडेसहा, फक्त २४, आणि त्यातले निम्मे उशीत. नंतर कुणाच्या तरी डोक्यातून चक्र उलटं फिरवायची कल्पना निघाली: थर्ड, सेकंड, फर्स्ट. मग मोकळे तास झाले साडेबत्तीस, एकतीस आणि साडेछप्पन. तीन आठवड्यांची बेरीज दोन्हीकडे १२० च. शरीराला सुलटं चक्र मानवतं, कारण आपलं आतलं घड्याळ बहुतेकांचं २४ तासांहून किंचित लांब असतं, त्याला उशिरा झोपायला सांगितलं तर ते ऐकतं, लवकर झोपायला सांगितलं तर रुसतं. डॉक्टरही तेच सांगतात. पण ते साडेछप्पन तास! बुधवारी दुपारी तीनला सुटलो की थेट शुक्रवारी रात्री साडेअकराला हजर. त्यात सासुरवाडीला जाऊन येता येतं आणि आल्यावर त्याबद्दल बोलायलाही वेळ उरतो. आमच्या लाइनवर मत घेतलं, तर अविवाहितांनी सुलट्याला हात वर केले आणि लग्न झालेल्यांनी उलट्याला. मी उलट्याला केला, आणि दर तीन आठवड्यांतून दोन वेळा पस्तावतो.

माझा गुरुवार तरी ठरलेला. हिची सुट्टी लिस्टवर अवलंबून. म्हणून ही इन्चार्ज सिस्टरांकडे दर महिन्याला गुरुवारच मागते. इतरजणी रविवार मागतात, त्यामुळे हिला तो सहसा मिळतो. काही महिन्यांनी सिस्टरांनी स्वतःच निष्कर्ष काढला. ‘दत्ताचं करतेस का गं?’ असं विचारलं. हिने नुसती मान हलवली. नाही म्हणावं तर गुरुवार जायचा. झालं. आता अक्कलकोटहून कुणी आलं की प्रसादाचा पहिला पुडा हिला, गुरुवारी चुकून ड्युटी लागलीच तर डब्यात साबुदाण्याची खिचडी सिस्टरांकडून, आणि दत्तजयंतीला वॉर्डातल्या नर्सेस हिच्या पाया पडतात. घरी येऊन ही मला सांगते, ‘तुमच्या सुट्टीपायी माझी समाधी लागायची वेळ आली आहे.’

आणि इथेच मटणाचा प्रश्न येतो. जगात लोक रविवारी मटण खातात. आमचा रविवार गुरुवारी, आणि गुरुवारी आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही, आई स्वामींची. दोघं एकत्र जेवणार त्या एकाच दिवशी वरणभात. भोसरीत नवरा-बायको दोघं कामावर असलेल्या अनेक घरांत हेच दुखणं आहे, म्हणून बुधवारी संध्याकाळी मटणाच्या दुकानांसमोर युनिफॉर्मवाल्यांची गर्दी दिसते. पण माझी सेकंड असली की मी बुधवारचा घरी येतो तो रात्री सव्वाबाराला. म्हणजे गुरुवार लागून पंधरा मिनिटं झालेली.

अशाच एका बुधवारी हिची ईव्हिनिंग होती आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी. पावणेनऊला येऊन हिने मटण टाकलं, आईला आणि मुलीला दहाच्या आत वाढलं आणि माझ्यासाठी जेवायची थांबली. मी आलो, हातपाय धुतले, ताटं मांडली, आणि आई पाणी प्यायला उठली. घड्याळाकडे बघून म्हणाली, ‘अरे, बारा वाजून गेले. गुरुवार लागला.’

मी ५७ वं कलम काढलं. मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात धरायचे, असा देशाचा कायदा आहे, म्हणालो. ते कलम मध्यरात्रीच्या पुढे चालणाऱ्या पाळीचं होतं आणि माझी सेकंड साडेअकरालाच संपते, एवढा बारीक तपशील मी आईला दिला नाही. आईने कायदा एका वाक्यात उडवला. ‘सरकार गुरुवार पाळतं का?’

ही तोवर गप्प होती. बारा तास उभी असल्यासारखी दिसत होती, आणि रश्शाचा वास घरभर होता. ती शांतपणे म्हणाली, ‘आई, पंचांगात वार कधी बदलतो?’

आई थबकली. तिला माहीत होतं. घड्याळाचा वार मध्यरात्री बदलतो, पंचांगाचा सूर्योदयाला. ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेपाशी गेली, चष्मा लावला, दिव्याखाली नीट वाचलं, आणि परत येऊन भाकरीचा डबा पुढे सरकवला.

‘सूर्योदय सहाला आहे,’ ती म्हणाली. ‘पण नळाला पाणी पाचला येतं. त्याच्या आत भांडी घासून झाली पाहिजेत. आणि मलाही एक नळी वाढ गं, मघाशी मुलीने सगळ्या खाल्ल्या.’